शटरचा कोन आणि पडद्यावरची गती

फिल्मच्या कॅमेऱ्यात लेन्स आणि फिल्म यांच्यामध्ये एक चकती फिरत असते. तिचा काही भाग कापलेला असतो. कापलेली बाजू समोर आली की फिल्मवर प्रकाश पडून एक फ्रेम उमटते, आणि भरीव बाजू समोर असते तेवढ्या अंधारात फिल्म एक घर पुढे सरकते. चकतीची ही कापलेली बाजू जितक्या अंशांची, तितका 'शटर अँगल', म्हणजे शटरचा कोन. चकती अर्धी कापलेली असेल तर तो 180° होतो. सेकंदाला 24 फ्रेम घेणाऱ्या कॅमेऱ्यात एका फ्रेमच्या वाट्याला 1/24 सेकंद येतो. त्यातला निम्मा वेळ, म्हणजे 1/48 सेकंद, शटर उघडे राहते.

डिजिटल कॅमेऱ्यांत बहुधा अशी चकती नसते, पण कोनाची भाषा टिकून आहे. सिनेमाच्या अनेक कॅमेऱ्यांत कोन अंशांत निवडतात; फोन आणि साधे कॅमेरे तीच गोष्ट सेकंदाच्या अपूर्णांकात दाखवतात. अंशांची सोय अशी की फ्रेमचा वेग बदलला तरी गतीचा पोत तोच राहतो. 25 फ्रेमला 180° म्हणजे 1/50 सेकंद, 50 फ्रेमला 180° म्हणजे 1/100. दोन्हीकडे फ्रेमचा निम्माच वेळ टिपला जातो.

या निम्म्या वेळाचा परिणाम एका उदाहरणात नीट दिसतो. 1920 पिक्सेल रुंदीच्या चौकटीत एक धावपटू डावीकडून उजवीकडे 2 सेकंदांत पार होतो आणि चित्रण सेकंदाला 25 फ्रेमने चालले आहे असे धरू. 50 फ्रेममध्ये तो चौकट ओलांडतो, म्हणजे दर फ्रेमला सुमारे 38 पिक्सेल पुढे जातो. शटर 180° असेल तर त्यातले 19 पिक्सेल तो शटर उघडे असताना कापतो आणि त्याची आकृती तेवढीच फराटल्यासारखी उमटते. उरलेले 19 पिक्सेल तो शटर बंद असताना जातो; त्यांची नोंद कुठेच होत नाही. 45° ला फराटा जेमतेम 5 पिक्सेलचा आणि न टिपलेली जागा 33 ची. 360° ला फराटा पूर्ण 38 पिक्सेलचा: एक संपतो तिथेच पुढचा सुरू होतो, मध्ये रिकामे काही उरत नाही.

आता त्याच्या बनियनवरचा क्रमांक पाहू. आकड्याच्या रेघा 10 पिक्सेल जाड असतील तर 45° ला तो कुठल्याही फ्रेमवर थांबून वाचता येईल, 180° ला एकमेकांत मिसळेल आणि 360° ला नुसता राखाडी डाग उरेल. मात्र तेच चित्रण चालू ठेवून पाहिले तर 45° चा धावपटू टप्प्याटप्प्याने उड्या मारत गेल्यासारखा भासतो. प्रत्येक आकृती इतकी रेखीव असते की डोळ्याला तिच्या शेजारी पुढची आकृती वेगळी मोजता येते. फराटा असला की दोन आकृत्यांच्या कडा विरघळतात आणि मेंदू मधली जागा स्वतःच भरतो. थोडक्यात, थांबवलेल्या फ्रेमची स्पष्टता आणि चालत्या चित्राचा सलगपणा ही एकाच मापाची दोन टोके आहेत. 180° हा काही निसर्गनियम नव्हे. फिल्म पुढे सरकायला अंधार लागायचा, त्यातून आलेली ती सवय आहे. सिनेमा म्हणून जी गती डोळ्यांच्या अंगवळणी पडली, ती हीच.

फराटा ठरतो तो चौकटीच्या संदर्भातल्या गतीवर, हेही लक्षात घ्यायला हवे. कॅमेरा धावपटूच्या वेगाने वळत राहिला तर क्रमांक 180° लाही बराच स्पष्ट येतो आणि पुसट होतात ती मागची झाडे.

अरुंद कोनाचा सर्वांत गाजलेला वापर स्टीव्हन स्पीलबर्ग यांच्या 1998 च्या 'सेव्हिंग प्रायव्हेट रायन'मध्ये आहे. ओमाहा किनाऱ्यावरच्या लढाईसाठी छायालेखक यानुश कामिन्स्की यांनी 45° आणि 90° चे शटर वापरले. 24 फ्रेमला 45° म्हणजे 1/192 सेकंद. स्फोटाने उडालेली वाळू एरवी धुरकट पडद्यासारखी दिसली असती. इथे तिची ढेकळे हवेत सुटी-सुटी दिसतात आणि सैनिकांची धावपळ झटक्याझटक्यांची होते. अर्थात त्या दृश्यांचा सगळा परिणाम शटरच्या खात्यावर टाकणे बरोबर नाही. हाती धरलेला कॅमेरा आणि फिके केलेले रंग यांचाही त्यात वाटा आहे. शिवाय अशा कोनाची किंमत प्रकाशात मोजावी लागते: 180° वरून 45° वर आल्यावर फिल्मला चौथाईच प्रकाश मिळतो.

दुसऱ्या टोकाला पीटर जॅक्सन यांचा 2012 चा 'द हॉबिट' आहे. तो सेकंदाला 48 फ्रेमने आणि 270° ने चित्रित झाला, म्हणजे 1/64 सेकंद. 180° ठेवला असता तर 1/96 झाले असते आणि 24 फ्रेमच्या आवृत्तीत गती फार खडबडीत दिसली असती. 270° ही तडजोड होती, तरी 48 फ्रेमची आवृत्ती अनेक प्रेक्षकांना टीव्हीसारखी वाटली. फ्रेमचा वेग दुप्पट झाला की सलगपणा इतका वाढतो की शटर तो लपवू शकत नाही.

घरगुती चित्रणात घोटाळा होतो तो बहुतेकदा उन्हात. दुपारच्या मिरवणुकीचे चित्रण करताना फोन जादा प्रकाश टाळण्यासाठी शटर आपोआप 1/1000 सेकंदावर नेतो. 30 फ्रेमला हा कोन सुमारे 11° होतो. ताशावरच्या काड्या मग हवेत जागोजागी गोठलेल्या दिसतात. उपाय म्हणजे लेन्सपुढे काळसर एनडी फिल्टर लावणे. सोळाव्या हिश्शाएवढाच प्रकाश आत सोडणाऱ्या फिल्टरने 1/1000 चे सुमारे 1/60 होते, म्हणजे पुन्हा 180°.

दिव्यांखाली वेगळीच अडचण येते. भारतात वीज 50 हर्ट्झची असल्याने अनेक ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी सेकंदाला 100 वेळा मिणमिणतात. 24 फ्रेमला 180° ठेवले तर 1/48 सेकंदात हे ठोके पूर्ण संख्येत बसत नाहीत आणि चित्र लुकलुकू शकते. म्हणून कॅमेरामन 172.8° हा विचित्र वाटणारा आकडा निवडतात. त्याने नेमका 1/50 सेकंद मिळतो आणि दर फ्रेमला बरोबर दोन ठोके येतात.

हात हलत असताना केलेले चित्रण नंतर सॉफ्टवेअरने स्थिर करायचे असेल, तर 180° चा नियम मोडलेलाच बरा. सॉफ्टवेअर चौकट जागेवर आणते, पण प्रत्येक धक्क्याने उमटलेला फराटा चित्रात तसाच राहतो. स्थिर इमारत मध्येच क्षणभर पुसट होते, तेव्हा कारण हेच असते. अशा वेळी 90° किंवा त्याहून अरुंद कोन घेऊन फराटा नंतर घालता येतो. सॉफ्टवेअर लागोपाठच्या फ्रेममधल्या हालचालीचा अंदाज बांधून तो रंगवते. मोकळ्या मैदानातल्या गाडीवर हे छान जमते. एकमेकांना ओलांडणारे पाय किंवा चाकाचे आरे आले की अंदाज चुकतो आणि कडा वितळल्यासारख्या दिसतात.