अडीच हजार सातोशींची कॉफी

एल साल्व्हाडोरच्या किनाऱ्यावरचे एल झोंते हे गाव दैनंदिन खरेदीत बिटकॉइन वापरण्याच्या प्रयोगामुळे ओळखले जाऊ लागले. तिथल्या एखाद्या कॅफेत कॉफीची किंमत २,५०० सातोशी आहे असे धरू. एका बिटकॉइनचे दहा कोटी सातोशी होतात. हीच रक्कम मूळ बिटकॉइन साखळीवरून पाठवली, तर साधा व्यवहार साधारण १४० व्हर्च्युअल बाइट जागा घेतो. दर बाइटला १० सातोशी असा बेताचा दर असला, तरी शुल्क १,४०० सातोशी, म्हणजे कॉफीच्या निम्म्याहून अधिक होते. या साखळीत शुल्क रकमेवर नव्हे, तर व्यवहाराने अडवलेल्या जागेवर ठरते. त्यामुळे कॉफी घेणारा आणि बंगला घेणारा दोघांना सारखाच भुर्दंड पडू शकतो. शिवाय नवा ब्लॉक सरासरी दहा मिनिटांनी तयार होतो. तोवर कॉफी गार.

जोसेफ पून आणि थॅडियस ड्रायजा यांनी २०१५ मध्ये मांडलेल्या लाइटनिंग नेटवर्कची कल्पना अशी, की प्रत्येक छोटा व्यवहार साखळीवर नोंदवायचाच नाही. दोन पक्ष एकदाच साखळीवर व्यवहार करून काही रक्कम दोघांच्या सह्यांशिवाय हलणार नाही अशा रीतीने बांधून ठेवतात. हे झाले चॅनेल. पुढे देवघेव झाली की त्या रकमेतला कोणाचा वाटा किती, याचा नवा व्यवहार ते सही करून एकमेकांना देतात, पण साखळीवर पाठवत नाहीत. जुना, आपल्या फायद्याचा हिशेब कोणी साखळीवर टाकलाच, तर समोरच्याला ठरावीक मुदतीत चॅनेलमधली सगळी रक्कम उचलता येते. लबाडीला चाप बसतो तो या दंडामुळे.

ग्राहकाचे कॅफेशी थेट चॅनेल असण्याची गरज नसते. आपल्या उदाहरणात ग्राहकाचे चॅनेल ‘अ’ या नोडशी आहे, ‘अ’चे ‘ब’शी आणि ‘ब’चे कॅफेशी. कॅफेचे वॉलेट एक गुप्त संख्या निवडते आणि तिचा हॅश काढते. हॅशवरून मूळ संख्या शोधणे व्यवहारात अशक्य असते. हा हॅश आणि रक्कम बिलात असतात. `lnbc` ने सुरू होणारे हे बिल ग्राहक क्यूआर कोडवरून वाचतो.

ग्राहकाचे वॉलेट मार्ग ठरवते आणि शुल्काचा हिशेब शेवटाकडून मांडते. मधला प्रत्येक नोड १ सातोशी आणि रकमेच्या दहा लाखांत १०० भाग घेतो असे समजू. कॅफेला २,५०० मिळायचे, म्हणून ‘ब’कडे २,५०१.२५ पोहोचायला हवेत आणि ‘अ’कडे साधारण २,५०२.५०. एकूण शुल्क अडीच सातोशी. लाइटनिंगमध्ये सातोशीच्या हजाराव्या भागापर्यंत हिशेब ठेवता येतो.

यानंतर ग्राहक ‘अ’साठी रक्कम सशर्त अडकवतो: या हॅशची गुप्त संख्या मुदतीत दाखव आणि पैसे घे, नाहीतर ते परत. तीच अट ‘अ’ ‘ब’ला घालतो आणि ‘ब’ कॅफेला. कॅफे संख्या दाखवून ‘ब’कडून पैसे घेते. आता ती संख्या हाती आल्यामुळे ‘ब’ ‘अ’कडून वसूल करतो आणि ‘अ’ ग्राहकाकडून. मधल्या कोणाला पैसे घेऊन पसार होता येत नाही, कारण संख्या दाखवल्याशिवाय त्याला काहीच मिळत नाही. मागच्या टप्प्याची मुदत पुढच्यापेक्षा मुद्दाम जास्त ठेवतात. ‘ब’ने अगदी शेवटच्या घटकेला पैसे दिले, तरी ‘अ’कडून वसुलीला त्याला वेळ उरला पाहिजे. ग्राहकाच्या हाती आलेली संख्या हीच पैसे पोहोचल्याची पावती. हे सगळे काही संगणकांमधल्या संदेशांवर भागते, नव्या ब्लॉकची वाट पाहावी लागत नाही, म्हणून काम सेकंदांत उरकते.

अडचण बहुधा रकमेच्या दिशेत येते. ‘ब’ आणि कॅफेच्या चॅनेलमधली जवळपास सगळी रक्कम आधीच कॅफेच्या बाजूला सरकली असेल, तर ‘ब’कडे पुढे ढकलायला काही उरत नाही. चॅनेलची एकूण क्षमता जाहीर असते, पण कोणत्या बाजूला किती हे बाहेरच्याला दिसत नाही. त्यामुळे वॉलेट प्रयत्न करते, नकार आला की दुसरा मार्ग धरते. छोट्या रकमेला वाट सहज मिळते, मोठी अडते किंवा तुकडे करून पाठवावी लागते. नवे दुकान तर मुळात पैसे स्वीकारायलाच अडते, कारण समोरच्या बाजूला शिल्लक असलेले चॅनेल त्याला आधी मिळवावे लागते.

क्वचित मधला नोड अट स्वीकारल्यावर बंद पडतो. तेव्हा वॉलेटमध्ये व्यवहार ना यशस्वी ना अयशस्वी असा लटकलेला दिसतो, आणि मुदत संपेपर्यंत, काही तास किंवा दिवससुद्धा, रक्कम अडकून राहते. ती बुडत नाही, पण वाद साखळीवर नेऊन चॅनेल बंद करण्याची पाळी आली, तर साखळीचे नेहमीचे शुल्क द्यावे लागते. चॅनेल उघडतानाही ते भरलेलेच असते. म्हणून अडीच सातोशींचा हिशेब जुळतो तो एकाच चॅनेलवरून बरेच व्यवहार झाले तरच. एकाच कॉफीसाठी चॅनेल उघडणाऱ्याला मूळ साखळीच स्वस्त पडेल.