‘सेंड’ दाबण्याआधीची दहा मिनिटे

गुरुवार, 12 जूनची रात्र. इशानंतर माझी भाची लॅपटॉप घेऊन आमच्याकडे आली. बी.फार्म. झालेली ही मुलगी नांदेडला एका खासगी कंपनीत काम करते. त्या दिवशी रजा घेऊन उमरखेडला घरी आली होती. पुण्याच्या एका कंपनीकडून तिला नेमणुकीचे पत्र आले होते आणि शुक्रवारी संध्याकाळी 5 वाजेपर्यंत होकार व कागदपत्रे ईमेलने पाठवायची होती.

“खाला, मेल लिहून झालाय. फक्त इंग्रजी बघा, मग पाठवते.”

इंग्रजी ठीक होते. अडचणी दुसरीकडेच होत्या. शाळेच्या कामात मी एकदा विद्यार्थ्यांच्या यादीचा मेल घाईने पाठवला होता आणि सोबत मागच्या वर्षीची यादी गेली होती. दुरुस्तीला तीन आठवडे लागले. तेव्हापासून महत्त्वाचा मेल पाठवण्याआधी मी पाच गोष्टी ठरलेल्या क्रमाने तपासते. त्या रात्री दोघींनी मिळून तसेच केले. काय काय सापडले ते इथे सांगते, कारण अशा चुका कोणत्याही घरात होऊ शकतात.

सगळ्यात आधी मी तिला पत्ता खोडायला लावला. ‘To’ची जागा रिकामी असेल तर चुकून बोट लागले तरी मेल जात नाही. पत्ता शेवटी भरायचा.

1. जोडलेल्या फाइली: मेलमधूनच उघडून पाहा

तिने चार फाइली जोडल्या होत्या: सही केलेले नेमणूकपत्र, पदवीची गुणपत्रिका, आधार आणि रद्द केलेला चेक. “सगळं जोडलंय,” ती म्हणाली. पण फाइलचे नाव दिसणे वेगळे आणि आत काय आहे हे पाहणे वेगळे. म्हणून मेलमध्ये दिसणारी एकेक फाइल तिथूनच उघडली.

नेमणूकपत्र तीन पानांचे होते, पण फाइलमध्ये फक्त सहीचे तिसरे पान होते. कंपनीने ‘प्रत्येक पानावर सही’ असे मागितले होते. पुन्हा तिन्ही पाने स्कॅन करून एकच फाइल केली.

आधारची अडचण आणखी वेगळी निघाली. वेबसाइटवरून उतरवलेल्या आधारच्या फाइलला पासवर्ड असतो. आधारवरील नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरे मोठ्या लिपीत आणि त्यापुढे जन्मसाल. भाची सवयीने तो टाकून फाइल उघडत होती, त्यामुळे तिला काही वावगे वाटले नाही. पण तिकडे बसलेल्या माणसासमोर ती फाइल उघडणारच नव्हती. आम्ही घरातला रंगीत प्रिंट स्कॅन करून जोडला. फाइल दुसऱ्याच्या फोनवर उघडते का, हे कळायला सोपा उपाय आहे: आधी तो मेल घरातल्याच कोणाला तरी पाठवा आणि त्यांच्या फोनवर उघडून बघा.

फाइलींच्या नावांकडेही बघा. ‘IMG’ आणि पुढे दहा-बारा आकडे, असे नाव आपल्यालाही कळत नाही, मग समोरच्याला कसे कळेल? नाव आणि कागदाचा प्रकार, एवढे पुरे. जीमेलमध्ये सगळ्या जोडण्या मिळून 25 एमबीपर्यंत जातात. त्याहून जास्त झाल्यास फाइल गुगल ड्राइव्हवर चढते आणि मेलमध्ये फक्त तिची लिंक जाते. तेव्हा समोरच्याला ती उघडायची परवानगी दिली आहे का, हेही बघावे लागते.

2. आकडे: मूळ कागद समोर ठेवून

आकडे आठवणीतून तपासायचे नाहीत. एकीने मूळ कागदावरून मोठ्याने वाचायचे आणि दुसरीने स्क्रीनवर बोट ठेवून पाहायचे. आम्ही असेच केले. बँकेचा खाते क्रमांक बरोबर होता, पण आयएफएससी कोड चुकला होता. हा कोड 11 चिन्हांचा असतो. पहिली चार अक्षरे बँकेची, पाचवे चिन्ह नेहमी शून्य आणि शेवटची सहा शाखेची. भाचीने पाचव्या जागी शून्याऐवजी इंग्रजी ‘O’ लिहिले होते. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात.

तारीख ‘01/07’ अशी लिहिली होती. आपल्याकडे ती 1 जुलै, पण अमेरिकन पद्धतीने वाचणाऱ्याला 7 जानेवारी. महिना अक्षरांत लिहिला की हा प्रश्नच उरत नाही.

आणि आपल्याकडचा नेहमीचा प्रश्न, नावाचा. पदवीवर शेख आधी, आधारवर शेख शेवटी. एका कागदावर Shaikh, दुसऱ्यावर Sheikh. हे लपवून चालत नाही, कारण कागद एकमेकांशेजारी ठेवले की ते दिसतेच. आम्ही मेलमध्ये एक सरळ ओळ घातली: माझे नाव या दोन कागदांवर असे-असे लिहिलेले आहे, व्यक्ती एकच आहे, आपणास शपथपत्र हवे असल्यास कळवावे.

3. सूर: रागाचे वाक्य आधी तपासा

मेलच्या तिसऱ्या परिच्छेदात भाचीने लिहिले होते, “मुलाखतीत 22,000 रुपये सांगून पत्रात 20,500 देणे ही फसवणूक आहे.” ती खरेच दुखावली होती. घरी सगळ्यांना 22,000 सांगून झाले होते.

मी म्हटले, “बेटा, दुसरं पान नीट वाच.” दुसऱ्या पानावर पगाराचा तक्ता होता. एकूण पगार 22,000. त्यातला मूळ पगार 12,500. भविष्य निर्वाह निधीसाठी कर्मचाऱ्याकडून मूळ पगाराच्या 12 टक्के कापतात, म्हणजे 1,500 रुपये. 22,000 वजा 1,500, बरोबर 20,500. पहिल्या पानावर लिहिलेला आकडा हातात येणाऱ्या रकमेचा होता. कापलेले पैसे तिच्याच नावावर जमा होणार होते.

ते वाक्य गेले असते तर नोकरीचा पहिलाच मेल खोट्या आरोपाचा ठरला असता. समजा फरक खरोखर असता, तरीही मी ते वाक्य ठेवू दिले नसते. आरोपाऐवजी प्रश्न लिहायचा: “मुलाखतीत सांगितलेला आकडा 22,000 होता, पत्रात 20,500 दिसतो. हा फरक कशाचा आहे, कृपया कळवावे.” हक्काचे मागणे यातही आहेच, आणि चूक आपली निघाली तरी मान खाली घालावी लागत नाही.

सूर तपासायची माझी रीत अशी: मेल मोठ्याने वाचायचा आणि हे वाक्य त्या माणसासमोर खुर्चीत बसून आपण बोललो असतो का, असे स्वतःला विचारायचे. जे तोंडावर बोलणार नाही ते लिहायचे नाही. अति नम्रताही नको. “आपली फार आभारी, गरीब घरची मुलगी” अशा दोन ओळी आम्ही काढून टाकल्या. नोकरी तिला गुणांवर मिळाली होती.

4. दिलेला शब्द: तो पाळणे कोणाच्या हातात आहे?

मेलमधली भविष्यकाळातली सगळी वाक्ये आम्ही शोधली. “हजर होते”, “पाठवते”, “करून देते”. अशी प्रत्येक ओळ म्हणजे वादा आहे, आणि तो लेखी आहे.

पहिला वादा: “1 जुलैला हजर होते.” पत्रात कंपनीने तीच तारीख सुचवली होती, म्हणून भाचीने होकार भरला. पण नांदेडच्या नोकरीत 30 दिवसांची पूर्वसूचना द्यावी लागते. राजीनामा उद्या, 13 जूनला दिला तरी 30 दिवस 13 जुलैला भरतात. भिंतीवरचे कॅलेंडर पाहिले, त्या दिवशी रविवार. सामान आवरून पुण्याला पोहोचायला दोन दिवस धरले तर बुधवार, 16 जुलै ही खरी तारीख. मेलमध्ये कारणासह तीच लिहिली आणि ती चालेल का, असे विचारले.

दुसरा वादा: “अनुभवाचा दाखला पुढच्या आठवड्यात पाठवते.” हा दाखला जुनी कंपनी नोकरी सुटल्यावर देणार होती, म्हणजे तो भाचीच्या हातात नव्हता. जे दुसऱ्याच्या हातात आहे त्याची तारीख आपण देऊ नये. वाक्य बदलले: “सेवा संपल्यावर दाखल्यासाठी अर्ज करीन आणि मिळताच पाठवीन.” जे वादे उरले, ते तिने आपल्या वहीत तारखेसह उतरवून घेतले.

5. पत्ता: सगळ्यात शेवटी, अक्षर-अक्षर

भाचीने सरळ ‘Reply’ केले असते तर मेल ‘noreply’ने सुरू होणाऱ्या पत्त्यावर गेला असता. अशा पत्त्यावर आलेली उत्तरे सहसा कोणी वाचत नाही. खरा पत्ता नेमणूकपत्राच्या शेवटच्या पानावर होता. तो टाइप करताना दोन अक्षरांनंतर खाली भलतेच जुने नाव सुचवले गेले.

या आपोआप सुचणाऱ्या नावांनी मोठमोठ्यांना फसवले आहे. नोव्हेंबर 2014 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या इमिग्रेशन खात्यातील एका कर्मचाऱ्याने ब्रिस्बेनच्या जी-20 परिषदेला येणाऱ्या 31 नेत्यांचे पासपोर्ट क्रमांक आणि जन्मतारखा आशियाई फुटबॉल स्पर्धेच्या आयोजकांपैकी एकाला पाठवून दिल्या. त्यात आपल्या पंतप्रधानांची माहितीही होती. कारण एवढेच की पत्ता आपोआप भरला गेला आणि तो तपासला नाही.

अनेकांना एकच मेल पाठवताना ‘Bcc’ वापरावे, म्हणजे एकाचा पत्ता दुसऱ्याला दिसत नाही. सप्टेंबर 2021 मध्ये, काबुल तालिबानच्या ताब्यात गेल्यानंतर महिन्याहून थोड्या अधिक काळाने, ब्रिटनच्या संरक्षण मंत्रालयाने देश सोडू पाहणाऱ्या 245 अफगाण लोकांना एक मेल पाठवला. सगळे पत्ते ‘To’मध्ये होते, म्हणून प्रत्येकाला इतर सर्वांचे दिसले. दोघांनी सर्वांना उत्तर दिले आणि त्यातल्या एकाने आपण कुठे आहोत हेही लिहिले. जिवाशी खेळ होता तो. या प्रकरणात मंत्रालयाला 2023 मध्ये साडेतीन लाख पौंडांचा दंड झाला. शाळा, जमात किंवा संस्थेच्या वतीने पालकांना मेल करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

मेल गेल्यावर

जीमेलमध्ये गेलेला मेल काही सेकंद थांबवता येतो. संगणकावर सेटिंग्जमध्ये ‘Undo Send’ची वेळ 5, 10, 20 किंवा 30 सेकंद ठेवता येते. 30 करून ठेवा. त्यानंतर मात्र मेल परत येत नाही. चूक उशिरा कळली तर गप्प बसू नका. त्याच दिवशी छोटा मेल करा: आधीच्या मेलमध्ये अमुक चूक होती, बरोबर असे आहे, आधीची फाइल गृहीत धरू नये.

भाचीने शुक्रवारी सकाळी मेल पाठवला. सोमवारी दुपारी उत्तर आले: 16 जुलै मान्य आहे.

कागदावर लिहून ठेवण्यासाठी

- पत्ता खोडा.
- प्रत्येक फाइल मेलमधून उघडा; सगळी पाने आहेत का, दुसऱ्याच्या फोनवर उघडते का?
- आकडे, तारखा, नावे मूळ कागदावरून मोठ्याने वाचा.
- मेल मोठ्याने वाचा. तोंडावर बोलणार नाही ते वाक्य काढा.
- प्रत्येक वादा शोधा. तो आपल्या हातात आहे का, तारीख जमते का?
- पत्ता मूळ कागदावरून भरा, अक्षर-अक्षर तपासा, मगच ‘सेंड’.