कांद्याला ताप आला तर

उन्हाळ कांदा एप्रिल-मेमध्ये चाळीत भरायचा आणि भाव बघत पावसाळाभर थोडाथोडा काढायचा, हा आमच्या नाशिककडचा शिरस्ता. चाळीतली हवा २५ ते ३० अंश आणि आर्द्रता ६५ ते ७० टक्के असली की कांदा चांगला टिकतो. पण ढिगाच्या पोटात एखादा ओला कांदा सडायला लागला, तर तिथे ऊब धरते. वास बाहेर येईपर्यंत आजूबाजूचा बराच माल नासलेला असतो. ही ऊब वासाच्या आधी कळावी, म्हणून मी चाळीच्या तीन कप्प्यांत तापमानाचे तीन सेन्सर पुरले.

सेन्सर डीएस१८बी२० जातीचे आहेत. स्टीलच्या नळीत बंद असल्यामुळे त्यांना ओलीची भीती नाही. प्रत्येकाला कारखान्यातूनच स्वतःचा क्रमांक मिळालेला असतो, त्यामुळे तिन्ही एकाच तारेवर जोडता येतात. डेटाची तार आणि ३.३ व्होल्टची तार यांच्यामध्ये ४.७ किलोओहमचा एक रेझिस्टर मात्र लावावाच लागतो. तार ईएसपी८२६६ या वायफायच्या बोर्डाला जाते. हा बोर्ड फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय पकडतो आणि पत्र्याच्या आड त्याला सिग्नल मिळत नाही. म्हणून त्याची डबी मी चाळीच्या घराकडच्या तोंडाशी टांगली. पुरण्याआधी तिन्ही सेन्सर बर्फाच्या पाण्यात बुडवून पाहिले. अर्ध्या अंशापर्यंत फरक त्यांच्यात असू शकतो, आणि कोणता किती चुकतो हे आधी माहीत असलेलं बरं.

बोर्ड दर पाच मिनिटांनी तापमान पाठवतो ते एमक्यूटीटी या पद्धतीने. ही पद्धत १९९९ साली आयबीएमचे अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्लेन निपर यांनी तेलाच्या पाइपलाइनींवर लक्ष ठेवण्यासाठी तयार केली. तिथला संदेश उपग्रहावरून जायचा आणि जोडणी महाग होती, म्हणून संदेशावरचं वेष्टण दोन बाइटांइतकं लहान राहील अशी रचना केली गेली. आमच्या चाळीत उपग्रह नाही, पण कमकुवत वायफाय आहे, आणि तिथे हा काटकसरीपणा कामी येतो.

या पद्धतीत बोर्ड कुणालाही थेट निरोप देत नाही. मधे ब्रोकर असतो. बाजार समितीत शेतकरी माल अडत्याकडे उतरवतो आणि व्यापारी तिथून उचलतो, दोघांची गाठ पडायलाच हवी असं नाही. तसंच हे आहे. बोर्ड `chal/kappa2/temp` असा पत्ता घालून `29.4` एवढाच मजकूर ब्रोकरकडे टाकतो, आणि ज्याने त्या पत्त्यासाठी नाव नोंदवलं असेल त्याला तो मिळतो. माझा ब्रोकर म्हणजे घरातल्या रास्पबेरी पायवर चालणारा मॉस्किटो. त्याच्या २.० आणि पुढच्या आवृत्त्या वेगळं सांगितल्याशिवाय बाहेरच्या यंत्राला दार उघडत नाहीत. म्हणून सेटिंगच्या फाइलीत या दोन ओळी लागतात, आणि पासवर्डची फाइल आधी तयार करावी लागते:

```
listener 1883
password_file /etc/mosquitto/passwd
```

अडत्याची उपमा एका जागी मात्र तुटते. ब्रोकर माल साठवून ठेवत नाही. निरोप आला तेव्हा घ्यायला कुणी नसेल, तर तो निरोप तिथेच संपतो. काल रात्री कप्पा किती तापला होता हे सकाळी पाहायचं असेल, तर रात्रभर कान देऊन बसणारं आणि वहीत नोंदणारं कुणीतरी हवं. ते काम एक छोटी पायथन स्क्रिप्ट करते. ती ब्रोकरच्याच यंत्रावर चालते आणि तिची वही म्हणजे एसक्यूलाइटची एक फाइल. तिचा गाभा एवढाच आहे:

```python
def on_connect(cl, ud, flags, rc, props):
    cl.subscribe("chal/+/temp")

def on_message(cl, ud, msg):
    if msg.retain:
        return
    c = float(msg.payload)
    if c in (85.0, -127.0):
        return
    db.execute("INSERT INTO temp VALUES (?,?,?)",
               (int(time.time()), msg.topic, c))
    db.commit()
```

अधिकच्या चिन्हाचा अर्थ 'कोणताही कप्पा'. नाव नोंदणीची ओळ `on_connect` मध्ये मुद्दाम घातली आहे. ब्रोकर बंद पडून पुन्हा सुरू झाला की स्क्रिप्ट आपोआप जोडली जाते, पण नोंदणी पुन्हा केली नाही तर ती जोडलेली असूनही तिला काहीच ऐकू येत नाही.

नोंद करण्याआधीच्या दोन अटी मला अनुभवाने घालाव्या लागल्या. ८५ हा आकडा सेन्सरला वीज मिळाल्यावर, पहिलं मोजमाप होण्याआधी, त्याच्या पोटात असतो. तापमान मोजायला त्याला पाऊण सेकंदापर्यंत वेळ लागतो, आणि त्याआधी विचारलं की तो ८५ सांगतो. सेन्सरशी बोलणंच झालं नाही, तर बोर्डावरची लायब्ररी उणे १२७ देते. आमच्याकडे उंदराने तार कुरतडली तेव्हा तोच आकडा येत राहिला. हे दोन्ही आकडे इतके विचित्र आहेत की आलेखावर लगेच डोळ्यांत भरतात.

पहिल्या अटीमागचा घोटाळा मात्र सज्जन दिसणारा होता. मोबाइल उघडताच ताजा आकडा दिसावा म्हणून मी बोर्डाला प्रत्येक निरोप 'रिटेन' अशी खूण लावून पाठवायला सांगितलं होतं. अशा खुणेचा शेवटचा निरोप ब्रोकर जपून ठेवतो आणि नवीन नाव नोंदवणाऱ्याला लगेच देतो. त्यातच, स्क्रिप्ट कुठे अडकू नये म्हणून मी ती दर तासाला नव्याने सुरू होईल अशी सोय केली होती. जूनमध्ये वादळाने चाळीकडची वीज गेली आणि बोर्ड बंद पडला. घरचा पाय इन्व्हर्टरवर चालूच होता. दर तासाला स्क्रिप्ट उठायची, ब्रोकर तिच्या हातात तोच जुना निरोप ठेवायचा, आणि ती त्यावर नवी वेळ घालून नोंद करायची. एकोणीस तास वही सांगत होती की दुसऱ्या कप्प्यात २८.९ अंश आहेत.

मला शंका आली ती त्या आकड्याच्या स्थिरपणामुळे. हा सेन्सर अंशाच्या सोळाव्या भागापर्यंत फरक ओळखतो, त्यामुळे खऱ्या मोजमापातला शेवटचा आकडा सतत थोडा हलतो. एकोणीस तास एकच आकडा म्हणजे कुणी मोजतच नाही. नाव नोंदवताना मिळालेल्या जुन्या निरोपावर `retain` ची खूण असते, आधीच ऐकत असलेल्याला मिळणाऱ्या ताज्या निरोपावर ती नसते. त्यामुळे एका अटीने हा प्रकार थांबला आणि वीज गेलेल्या वेळेत वहीत आता रिकामी जागा राहते.

ती जागा का रिकामी आहे हेही कळावं म्हणून बोर्ड जोडताना ब्रोकरकडे एक शेवटचा निरोप ठेवून देतो. ठरलेल्या मुदतीच्या दीडपट वेळ बोर्डाकडून काहीच आलं नाही, तर ब्रोकर तो सर्वांना पाठवतो. माझी मुदत १५ सेकंदांची आहे, म्हणजे वीज गेल्यावर अर्ध्या मिनिटाच्या आत `offline` हा शब्द वेळेसह नोंदला जातो.

ऑगस्टमध्ये दुसऱ्या कप्प्याचा आकडा इतर दोघांपेक्षा चार दिवस हळूहळू वर सरकत गेला आणि शेवटी दीड अंशाने जास्त राहिला. एकट्या आकड्यावर मी विसंबलो नसतो, कारण दुपारी पत्रा तापला की सगळेच वर जातात. पण हा पहाटे चार वाजताही वेगळा होता. वास नव्हता. आबांना सांगितलं तर ते म्हणाले, "यंत्र सांगतंय ना, मग हात घालून बघू." सेन्सरभोवतीचा ढीग आम्ही उपसला, तेव्हा खाली, जिथे पावसाची झड आत आली होती, तिथले कांदे मऊ लागले. दोन पाट्या निघाल्या. बाकीचा कांदा पसरून वाळवला, बाजूला ताडपत्री बांधली आणि सेन्सर होता तिथेच पुन्हा पुरला.