छत खालच्याचं, पाणी वरच्याचं

इमारतीतल्या २०३ नंबरच्या फ्लॅटमध्ये बाथरूमच्या छताला पिवळट डाग पडतो, महिनाभरात रंगाचे पापुद्रे सुटतात आणि दिव्याच्या होल्डरमधून थेंब पडू लागतो. ३०३ वाले म्हणतात, "आमची फरशी कोरडी ठणठणीत आहे." सेक्रेटरी म्हणतात, "तुमचं तुम्ही आपसात मिटवा." महाराष्ट्रातल्या बहुतेक सोसायट्यांत हे संवाद याच क्रमाने होतात. त्यातलं सेक्रेटरींचं वाक्य नियमात बसत नाही.

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत दुरुस्तीच्या खर्चाची वाटणी स्पष्ट आहे. गच्ची, बाहेरच्या भिंती, सामायिक पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या लाइनी, पावसाच्या पाण्याची गळती ही सोसायटीची जबाबदारी. फ्लॅटच्या आतल्या संडास, बाथरूम, सिंक यांच्यामुळे होणारी गळती ज्याच्या फ्लॅटमधून होते त्याची. म्हणजे पैसे कोणी द्यायचे हे पाणी कुठून येतं यावर ठरतं, आणि भांडण खरं तर तिथेच अडतं.

ते शोधायला भिंती फोडण्याआधी वेळ बघावी. थेंब दिवसरात्र सारखाच पडत असेल, तर दाब असलेल्या नळाच्या लाइनीवर संशय घ्यावा. वरच्यांकडे अंघोळी झाल्यावर तासाभरात ओल वाढत असेल, तर पाणी नहाणी ट्रॅपच्या सांध्यातून किंवा फरशीखालून येतं. फक्त पावसाळ्यात ओल येत असेल, तर बाहेरची भिंत तपासावी. वरचं कुटुंब आठवडाभर गावाला गेलं आणि छत सुकू लागलं, तर फारसं विचारायला उरत नाही.

तरीही पुरावा हवा असेल तर पाणी साठवून पाहतात. नहाणी ट्रॅप बोळा घालून बंद करायचा, बाथरूमच्या फरशीवर दोन-तीन इंच पाणी भरायचं आणि एक-दोन दिवस खाली नजर ठेवायची. पाण्यात रंग मिसळला तर वाद लवकर मिटतो. बऱ्याच बाथरूमखाली स्लॅब खोलगट असतो आणि त्यात विटांच्या तुकड्यांचा कोबा भरलेला असतो. पाणी त्या भरावात साठतं, म्हणून वरची फरशी कोरडी असूनही खाली ठिबकतं. ३०३ वाले खोटं बोलतात असं नाही, त्यांना ते दिसतच नाही. मात्र त्यांनी नूतनीकरणात टाइल्स उखडताना जुनं वॉटरप्रूफिंग फोडलं असेल, तर बहुधा कारण तिथेच सापडतं.

इथे सोसायटीचं काम सुरू होतं. २०३ ने लेखी तक्रार, तारखेसह फोटो जोडून, सेक्रेटरींकडे द्यायची आणि पोच घ्यायची. पूर्वसूचना देऊन वरच्या फ्लॅटमध्ये पाहणी करण्याचा अधिकार उपविधींनी समितीला दिलेला आहे. पाहणीनंतर काय दुरुस्त करायचं, कोणी करायचं, हे लेखी कळवायचं. प्लंबरऐवजी इंजिनिअरचा अहवाल घेतला तर पुढे कोर्टात तो कामी येतो. नोटीस मालकाला जाते. वर भाडेकरू राहतो, ही सबब चालत नाही.

समजा, चाचणीत दोष ३०३ च्या ट्रॅपमध्ये निघाला. मग त्यांनी ट्रॅप बदलून वॉटरप्रूफिंग करायचं आणि २०३ चं प्लास्टर, रंग, जळलेलं वायरिंग यांचाही खर्च द्यायचा. दोन ठिकाणची अंदाजपत्रकं मागवली की रकमेवरचा वाद कमी होतो. पण गळती डक्टमधल्या उभ्या सामायिक पाइपाची निघाली, तर बिल सोसायटीचं आणि ३०३ वाले सुटले. आणि स्लॅबच्या सळ्या गंजून काँक्रीट सुटत असेल तर प्रश्न इमारतीच्या मजबुतीचा होतो. तेव्हा समितीने अंग काढून घेणं धोक्याचं आहे.

वरचे दारच उघडत नसतील, किंवा समितीच हलत नसेल, तर गळतीचा वाद सहकारी न्यायालयात नेता येतो. मुंबईत महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसातही तक्रार करता येते. न्यायालयात वेळ जातो, म्हणून तातडीच्या दुरुस्तीसाठी अंतरिम आदेश मागावा. चिडून वरच्यांचं पाणी तोडायला सोसायटीला सांगणं किंवा आपला मेंटेनन्स अडवून ठेवणं हे दोन्ही उलटतं. पाणी तोडण्याचा अधिकार सोसायटीला नाही, आणि मेंटेनन्स थकवला की तक्रारदारच थकबाकीदार ठरतो.

छताच्या रंगाची घाईही करू नये. गळती थांबल्यावरही भरावात मुरलेलं पाणी आठवडे उतरत राहतं. प्लास्टर पुरतं सुकण्याआधी मारलेला रंग पुन्हा फुगतो, आणि दुरुस्ती फसली असा नवा वाद उभा राहतो.