सकाळी सातची खोली

मुंबईहून रात्री निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस सकाळी कोल्हापुरात पोचते. अंबाबाईच्या दर्शनाला आलेली माणसं रिक्षातून उतरून बॅगांसकट थेट हॉटेलच्या काउंटरसमोर उभी राहतात. चेक-इनची वेळ दुपारी दोनची, पण त्यांना अंघोळ आत्ताच करायची असते. त्याच वेळी वरच्या मजल्यावरून फोन येतो, "आमची गाडी रात्री आहे, खोली संध्याकाळपर्यंत ठेवता का?"

होकार किंवा नकार देण्याआधी अनुभवी रिसेप्शनिस्ट आजचा तक्ता पाहतो. समजा, चाळीस खोल्यांचं हॉटेल आहे. काल रात्री ३२ भरल्या, ८ रिकाम्या राहिल्या. आज १८ खोल्या सुटणार आणि २२ बुकिंग येणार, म्हणजे रात्री ३६ भरतील. सकाळी आलेल्या पाच कुटुंबांना कालच्या रिकाम्या, स्वच्छ खोल्या लगेच देता येतात. त्या खोल्यांचं कालचं भाडं बुडालेलंच आहे, त्यामुळे लवकर येण्याचे चारपाचशे रुपये मिळाले तर ती वरकमाईच. मात्र रोज फुकट दिलं, की आदल्या रात्रीपासून बुकिंग करणारा पाहुणाही तसं करणं सोडतो.

उशिरा सोडण्याचं गणित वेगळं आहे. आज चारच खोल्या विकायच्या उरल्या आहेत. त्यांतल्या दोन ऐन वेळी येणाऱ्यांसाठी राखल्या, तर फार तर दोघांनाच संध्याकाळी सहापर्यंत थांबवता येतं. भाडं २००० असेल तर त्याचे १००० घ्यावेत. सहानंतर पूर्ण दिवसाचं भाडं, हे आधीच सांगितलेलं बरं.

खरी अडचण झाडूपोछ्याची. सुटलेली खोली चादरी बदलून, बाथरूम घासून तयार व्हायला साधारण ४० मिनिटं लागतात. चार मुलं अकराला लागली, तर १८ खोल्या व्हायला दोन वाजून वीस मिनिटं होतात. म्हणजे सगळं वेळेवर झालं तरी शेवटच्या खोल्यांना दोन टळतातच. त्यात तीन खोल्या कुणी तोंडी "हो" म्हणून दोनपर्यंत ठेवल्या, की दोनला येणारा पाहुणा लॉबीत चहा पीत बसतो. भाडं कमी करून मागतो तो हाच.

म्हणून शहाण्या हॉटेलात आदल्या रात्रीच सुटणाऱ्या खोल्यांना फोन जातो. वाढवलेली वेळ आणि रक्कम लगेच बिलात चढते, हाउसकीपिंगच्या यादीतही लिहिली जाते. मग की-कार्डची मुदत वाढवतात, नाहीतर ते बाराला बंद पडतं आणि पाहुणा दारात अडकतो.

हॉटेल भरलेलं असेल तर नकारच द्यावा लागतो. पण बॅगा ठेवायला क्लोक रूम आणि अंघोळीला एक राखीव खोली असली, तर पाहुणा चिडत नाही. प्रवाशांनीही बुकिंग करतानाच गाडीची वेळ कळवावी, आणि उशिरा निघायचं असेल तर आदल्या संध्याकाळी विचारावं. तेव्हा तक्त्यात जागा असण्याची शक्यता जास्त असते.