खडा, खड्डा आणि मधला थांबा

‘जपून, वाटेत खडा आहे’ आणि ‘जपून, वाटेत खड्डा आहे’. दोन्ही वाक्यं व्यवस्थित अर्थ देतात, त्यामुळे संदर्भावरून उलगडा होत नाही. सगळा भार एका ‘ड’वर. मका आणि मक्का, हला आणि हल्ला, गडी आणि मेथीची गड्डी या जोड्याही अशाच आहेत.

आपण लिहिताना दोन ‘ड’ लिहितो, पण उच्चारताना जीभ दोनदा आपटत नाही. ‘खड्डा’ म्हणताना जीभ वळून टाळूला टेकते, तिथेच क्षणभर दबून राहते आणि मग सुटते. स्पर्श एकच, पण लांबलेला. अशा व्यंजनाला व्याकरणात द्वित्त म्हणतात. ‘मक्का’मध्ये तर या लांबलेल्या क्षणात आवाजच नसतो. त्या शांततेच्या लांबीवरून आपण मक्का ओळखतो. ‘खडा’मध्ये मात्र आणखी एक खूण असते : तिथला ‘ड’ बहुधा जिभेच्या निसटत्या स्पर्शाने होतो, ‘खड्डा’तला घट्ट असतो.

इंग्रजीभाषकाचा गोंधळ इथेच सुरू होतो. इंग्रजी शब्दांत जोडीने आलेली अक्षरं बहुतेकदा आधीच्या स्वराबद्दल सांगतात. ‘डिनर’मध्ये ‘एन’ दोन असले तरी उच्चार एकाच ‘न’चा. एका शब्दाच्या पोटात व्यंजनाच्या लांबीने अर्थ बदलतो, याची त्याच्या कानाला सवयच नसते, म्हणून मका आणि मक्का त्याला सारखेच वाटतात. फरक करायला सांगितला तर तो पुष्कळदा स्वर ताणतो आणि मक्क्याऐवजी ‘माका’ म्हणतो. मालवणी माणसाला ते ‘मला’ असं ऐकू येईल!

तमिळभाषकाची अडचण नेमकी उलटी. त्याच्या भाषेत द्वित्त भरपूर आहे, पण दोन स्वरांमधला एकेरी ‘क’ तिथे मऊ होतो, ‘ग’ किंवा ‘ह’कडे झुकतो. कडक ‘क’ ऐकू आला की तो दुहेरी असणार, अशी त्याच्या कानाची धारणा असते. त्यामुळे आपला साधा मकाही त्याला मक्का वाटू शकतो. दोघांनाही ‘नीट ऐका’ एवढंच सांगून भागत नाही, कारण दोघांचे कान आपापल्या भाषेच्या नियमाने अगदी नीटच ऐकत असतात.

इंग्रजीभाषकाला त्याच्याच भाषेतलं ‘बुककेस’ म्हणायला लावावं. तिथे दोन शब्दांच्या सांध्यावर ‘क’ आपोआप लांबतो. तोच दाब ‘मक्का’मध्ये आणायचा. मग ‘खड्’वर जीभ टेकवून थांबायचं आणि न उचलता ‘डा’ सोडायचा. मध्ये ‘अ’ घुसून ‘खडडा’ झालं, तर जीभ उचलली गेली असं समजावं. खरी परीक्षा ऐकणाऱ्याकडे : कागद न दाखवता एकच शब्द उच्चारावा आणि समोरच्याने खडा की खड्डा ते सांगावं.

आणखी एका वापराची ओळख शिकणाऱ्याला लवकर करून द्यावी. ‘मोठा’चा ‘मोठ्ठा’ केला की वस्तू तीच राहते, भावना वाढते. ‘आत्ता’ मात्र ‘आता’पेक्षा नेमका असतो : ‘आता येतो’ म्हणणारा तासाभराने आला तरी चालतं, ‘आत्ता येतो’ म्हणणाऱ्याची आपण दारात वाट पाहतो.