फोनवरचं पहिलं वाक्य

अंतरवाली सराटीच्या समाजमंदिरात एका ताईंचा निरोप समारंभ होता. ताई इथल्याच लेकी, आयुष्यभर आरोग्य हेल्पलाइनवर फोन घेतले, आता निवृत्त झाल्या. आम्ही स्वतः नर्सिंग केलेल्या, म्हणून मुद्दाम गेलो. शाल, नारळ, हारतुरे झाले. मग ताई माईकसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "जयभीम. आभार शेवटी मानते. आधी तुम्हाला लोकांचं पहिलं वाक्य सांगते."

फोन उचलल्यावर कुणीच आजाराचं नाव सांगत नाही, असं त्या म्हणाल्या. एका आजीने विचारलं होतं, म्हशीचं दूध आटलंय, डॉक्टर कोणता? एक माणूस रोज फोन करून नुसता श्वास घ्यायचा. सगळे हसले. पुढचं ऐकताना मात्र कुणी हसलं नाही.

पहाटे एका ऊसतोड कामगाराचा फोन आला. त्याचं पहिलं वाक्य होतं, "मॅडम, पोरीला नजर लागली. डोळेच उघडंना." मुलगी नऊ वर्षांची. पहाटे पोट दुखतंय म्हणून उठली, एकदा उलटी झाली. आईने रात्रीच्या वांग्याला दोष दिला, ओवा दिला. आता तिच्या पापण्या खाली येत होत्या आणि ती नाकात बोलत होती.

ताईंनी औषध सांगितलं नाही, विचारलं, "रात्री पोर कुठं निजली होती?" कोपीत, खाली, गोधडीवर. "चावल्याची खूण?" काहीच नाही. सूज नाही, रक्त नाही. ताई म्हणाल्या, "तिला मान न हलवता वर बघायला सांगा." पापण्या वर गेल्या नाहीत. मग एका दमात अंक मोजायला सांगितले. पोर अकराला थांबली, थोड्या वेळाने सातालाच.

ही मण्यार. ती रात्री फिरते आणि जमिनीवर निजलेल्या माणसाला झोपेत चावते. दात इतके बारीक की बहुतेक वेळा जागही येत नाही, खूणही सापडत नाही. नाग किंवा घोणस चावली तर जागा सुजते, दुखते. मण्यारीचं तसं नसतं. तिचं विष मेंदूचा निरोप स्नायूंपर्यंत पोहोचू देत नाही. आधी पापण्या पडतात, मग गिळता येत नाही, शेवटी छातीचे स्नायू थांबतात. मोजणीचा आकडा उतरला तो यामुळेच, श्वास कमी पडू लागला होता.

ताईंनी बापाला सांगितलं: १०८ लावा, पोरीला चालवू नका, डाव्या कुशीवर निजवा, तोंडात पाणीही घालू नका, लाळ पुसत राहा. दोरी आवळायची नाही, ब्लेड लावायचं नाही. कोपीतला एक म्हातारा मांत्रिकाकडे न्या म्हणत होता. ताई त्याच्याशीही बोलल्या, "बाबा, मंत्र दवाखान्यात जाऊन म्हणा, आम्ही अडवणार नाही." (आम्हाला हे उत्तर फार आवडलं. भांडणात गेलेली दहा मिनिटं अशा वेळी परवडत नाहीत.)

सापाच्या विषावरची लस सरकारी रुग्णालयात मोफत मिळते आणि शिरेतून देतात. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर ती एकच चालते, त्यामुळे साप मारून आणायची गरज नसते. पण मण्यारीचा लकवा एकदा बसला की लस तो लगेच सोडवत नाही. काही दिवस श्वासाच्या यंत्रावर ठेवावं लागतं. त्या काळात माणूस मेल्यासारखा निपचित दिसतो, पण त्याला ऐकू येत असतं. ही मुलगी यंत्रावर राहिली आणि बरी होऊन घरी गेली. शुद्धीवर आल्यावर म्हणाली, "आई रडत होती ते मला ऐकू येत होतं."

विंचू-सापाच्या दंशावर ज्यांनी महाडला राहून जगभर मानलं गेलेलं काम केलं, ते डॉ. हिंमतराव बावस्कर आपल्याच जालना जिल्ह्यातले, हे ताईंनी आवर्जून सांगितलं.

दुसरा फोन कपाशी फवारणीच्या दिवसांतला. सासू म्हणाली, "जावयाला दारू चढली, लिंबू द्यू का?" ताईंनी विचारलं, पितो का? "कधीच नाही." झोक जात होता, घाम, लाळ, डोळ्यांतली बाहुली टाचणीएवढी. दिवसभर पाठीवर पंप होता. कपडे काढा, साबणाने अंग धुवा, उलटी काढू नका, दूध-तूप देऊ नका, औषधाची बाटली सोबत घ्या, असं त्यांनी सांगितलं. बाटलीवरचं नाव डॉक्टरांना लागतं. यवतमाळात २०१७ साली फवारणीतून शेतकरी-शेतमजूर दगावले, ते अशाच विषाने.

खाली उतरताना एका बाईने ताईंना अडवलं, "आमचं सगळं घर खालीच निजतं, खाटा आणाव्या कुठून?" ताई म्हणाल्या, "खाट नसेल तर मच्छरदाणी घे. तिच्या कडा चारी बाजूंनी गोधडीखाली खोच, सापाला आत यायला फट ठेवू नको. आणि अंगणात जाताना बॅटरी." मग त्या परत माईककडे गेल्या. आभार मानायचे राहिले होते.